वेदनेपाशी थांबून

आज एकच शब्द घेऊ. त्याला घाई नाही, आपणही करू नये.

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराला बसलात तर पुस्तक आणि वही दोन्ही बाहेर ठेवावी लागतात. तिथे वाचायला मनाई, लिहायलाही मनाई. गंमत अशी की देवनागरी लिपीतलं अख्खं पाली तिपिटक अट्ठकथांसह छापलं गेलं तेही याच आवारातून. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात सहावं संगायन झालं. त्यात ठरलेला पाठ विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत आणला. हा विन्यास १९८५ साली धम्मगिरीवरच उभा राहिला. तो पाठ आज कुणालाही tipitaka.org वर वाचता येतो. म्हणून आजचं मनन शिबिर संपल्यानंतरचं समजा. पुस्तकं परत हाती आली आहेत, बाहेर घाटातला पाऊस आहे आणि तुमच्यासमोर सतिपट्ठानसुत्ताचं पान उघडं आहे. त्यातला एक परिच्छेद मराठीत आणायचा आहे.

परिच्छेद आहे वेदनानुपस्सनेचा. लिपी आपलीच, शब्दही ओळखीचे वाटणारे. वाचता वाचता तुम्ही ‘सुखं वा वेदनं’ या तीन शब्दांपाशी येता. इथे थोडं थांबा आणि मनात आपोआप काय उमटलं ते पाहा.

बहुतेक मराठी वाचकांच्या मनात ‘सुख किंवा वेदना’ असं उमटतं. ‘वा’ म्हणजे किंवा, हे शाळेतल्या संस्कृतापासून ठाऊक असतं. सुख माहीत, वेदना माहीत. कोश उघडावा असं या तीन शब्दांत काहीच वाटत नाही. हा अर्थ लगेच खोडू नका. तो तसाच धरून पुढे वाचा, कारण वाक्य स्वतःच त्याची परीक्षा घेणार आहे. पुढे त्याच साच्यात ‘दुक्खं’ येतं. मग वाचावं लागतं, ‘दुःख किंवा वेदना’. इथे किंचित अडखळायला होतं, पण माणूस दामटून नेतो. दुःख मनाचं आणि वेदना शरीराची असेल, अशी स्वतःची समजूत घालतो. तिसऱ्यांदा साचा येतो तेव्हा त्याच जागी ‘अदुक्खमसुखं’ असतं, म्हणजे दुःखही नाही आणि सुखही नाही असं. आता ‘ना दुःख ना सुख किंवा वेदना’ असं वाचून पाहा. इथे समजूत घालता येत नाही. कुठेतरी पायाच चुकला आहे.

अनोळखी शब्दावर आपण कोश उघडतोच, त्यामुळे त्याच्याकडून फारसा धोका नसतो. धोका ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दाकडून असतो. पालीतून मराठीत आणताना असे शब्द पानोपानी भेटतात, आणि ‘वेदना’ त्यांतला सगळ्यात शांतपणे फसवणारा असावा असं मला वाटतं.

तर आता कोश. पण पान उलटण्याआधी शब्द त्याच्या मूळ रूपात आणायला हवा. कोशात ‘वेदनं’ मिळत नाही, ‘वेदना’ मिळते. म्हणजे वाक्यातलं रूप सोलून नोंदीचं रूप काढणं हे पहिलं काम, आणि ते कोश करून देत नाही. ‘वेदनं’ पाहून संस्कृत शिकलेल्या डोळ्याला नपुंसकलिंगी ‘वेदनम्’ आठवतं. पालीत मात्र आकारान्त स्त्रीलिंगी शब्दाची द्वितीया एकवचनातही अशीच होते. अनुस्वाराआधीचा ‘आ’ ऱ्हस्व होतो आणि ‘वेदना’चं ‘वेदनं’ होतं. मग नेमकं कोणतं रूप? कोशातल्या नोंदीत शब्दानंतर लगेच एक बारीक अक्षर असतं, लिंग सांगणारं. आपण बहुधा त्याच्यावरून नजर उडवून अर्थाकडे धावतो. आज त्या अक्षराशी थांबा. ते सांगतं, स्त्रीलिंग.

एवढ्याने वाक्य उलगडतं. वेदना स्त्रीलिंगी असेल तर तिच्या आधीचं ‘सुखं’ हे तिचं विशेषण असू शकतं, तेही स्त्रीलिंगी द्वितीयेत. म्हणजे ‘सुखा वेदना’, ‘दुक्खा वेदना’ आणि ‘अदुक्खमसुखा वेदना’. आणि ‘वा’? ते सुख आणि वेदना यांच्यामधलं ‘किंवा’ नाहीच. ते एक अख्खी शक्यता दुसऱ्या शक्यतेला जोडतं, आणि पालीच्या सवयीप्रमाणे आपल्या पदाच्या मागे येऊन बसतं. अर्थाची एक ओळही न वाचता, नुसत्या लिंगाच्या अक्षराने ‘सुख किंवा वेदना’ हा अर्थ गळून पडला.

आता अर्थ. पाली टेक्स्ट सोसायटीचा पाली-इंग्रजी कोश घेऊ. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स आणि विल्यम स्टीड यांचा हा कोश १९२१ ते १९२५ या काळात निघाला. ऱ्हीस डेव्हिड्स १९२२ मध्येच गेले, तेव्हा पुढचं बरंच ओझं स्टीड यांच्यावर पडलं. कोश रोमन लिपीत आहे, पण अक्षरक्रम आपल्या वर्णमालेचा आहे. आधी स्वर, मग ‘क’पासून व्यंजनं. इंग्रजी क्रमाने शोधणारा माणूस इथे भलत्याच पानावर जातो. मराठी माणसाला उलट घरच्यासारखं वाटतं. ‘व’ शेवटाकडे, ‘स’ आणि ‘ह’च्या थोडं आधी.

नोंद सापडली की बोट ठेवा, आणि पहिला शब्द वाचून कोश मिटू नका. नोंद शेवटपर्यंत एकदा नुसती वाचायची, काहीही न निवडता. सुरुवातीला कंसात शब्दाची व्युत्पत्ती आहे आणि ‘वेदेति’ हे क्रियापद पाहा अशी खूण आहे. ही खूण पाळावी. ‘वेदेति’च्या मुळाशी ‘विद्’ आहे आणि त्या नोंदीत दोन्ही गोष्टी आहेत, जाणणं आणि अनुभवणं. म्हणजे वेदनेच्या मुळाशी दुखणं नाही. परत मूळ नोंदीकडे या. पहिला अर्थ इंग्रजीत ‘फीलिंग’ आणि ‘सेन्सेशन’ असा दिला आहे. मग तीन प्रकार येतात, सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा. मग प्रतीत्यसमुत्पादातली जागा, मग पाच खंधांतली जागा. आणि बऱ्याच संदर्भांनंतर, जिथपर्यंत घाईचा वाचक पोचतच नाही तिथे, आणखी एक अर्थ आहे. विशिष्ट वापरात दुःखद वेदना, म्हणजेच पीडा, यातना.

इथे जरा बसा. आपली मराठी वेदना या नोंदीत आहे. ती कुणी चुकून घुसवलेली नाही. मात्र ती एका कोपऱ्यात आहे, आणि आपण तिला पहिल्या जागी बसवून वाचायला सुरुवात केली होती. आता दोन अर्थांपैकी आपल्या वाक्याचा कोणता, हे कोश सांगणार नाही. कोश संदर्भ देतो. ते संदर्भ उघडून पाहणं हा नोंद वाचण्याचाच भाग आहे, आणि तोच बहुतेक लोक गाळतात.

संदर्भ म्हणजे एक अक्षर, एक रोमन आकडा आणि एक पृष्ठांक. ‘डी’ म्हणजे दीघनिकाय, ‘एम’ मज्झिमनिकाय, ‘एस’ संयुत्तनिकाय, ‘ए’ अङ्गुत्तरनिकाय, ‘जे’ जातक. रोमन आकडा खंडाचा. पण हा खंड आणि पान लंडनच्या आवृत्तीतले, इगतपुरीच्या नव्हेत. दीघनिकायात फारशी अडचण येत नाही, दोन्हीकडे तीन खंड तसेच आहेत. मज्झिमनिकायात मात्र हमखास पाय घसरतो. आपल्या मूलपण्णासात पन्नास सुत्तं आहेत, तर लंडनच्या पहिल्या खंडात शहात्तर. म्हणून ‘एम’, पहिला खंड, पान ३९६ असा संदर्भ आला आणि तुम्ही मूलपण्णास चाळत बसलात, तर ते पान तिथे नाहीच. ते मज्झिमपण्णासात आहे. विन्यासाच्या संगणकीय आवृत्तीत लंडनच्या पानांच्या खुणा आहेत, त्यांवरून जावं. सुत्ताचा क्रमांक मिळाला तर आणखी सोपं, कारण दीघ आणि मज्झिमनिकायात तो आवृत्तीप्रमाणे बदलत नाही.

आपण दोनच उदाहरणं उघडू. पहिलं दीघनिकायाच्या दुसऱ्या खंडात, पान ९९, महापरिनिब्बानसुत्त. भगवान वेळुवगामात वर्षावासाला आहेत, आजार कडक आहे, आणि त्यांना मरणान्तिक वेदना होत आहेत. इथला शब्द पाहा, ‘वेदना’च आहे. पण तो एकटा नाही. त्याच्या शेजारी ‘बाळ्हा’ म्हणजे तीव्र, आणि ‘मारणन्तिका’ म्हणजे मरणाच्या सीमेवरच्या, असे शब्द आहेत. आजार आहे. इथे वेदनेचा अर्थ सुखही असू शकेल का? तुम्हीच उत्तर द्या. मराठीत इथे ‘वेदना’च ठेवावी, दुसरा शब्द शोधणं म्हणजे भगवंतांचं दुखणं पातळ करणं.

विनयपिटकातही तसंच. नियमभंगाचा दोष कुणाला लागत नाही त्यांच्या यादीत वेड लागलेला भिक्खू असतो आणि ‘वेदनट्ट’ही असतो, म्हणजे वेदनेने गांजलेला. सुखाने गांजलेल्याला सूट मिळणार नाही. सामासिक शब्दाचा दुसरा भागच पहिल्याचा अर्थ ठरवतो.

यातून हाताशी एक खूण येते. जिथे वेदना म्हणजे यातना, तिथे तिच्यासोबत कठोर विशेषण असतं, किंवा आजार, मरण, घाव यांचा प्रसंग असतो, किंवा समासात अडकलेला ‘अट्ट’सारखा शब्द असतो. जिथे यातलं काही नाही, आणि जिथे तीन प्रकारांची यादी मागे किंवा पुढे उभी आहे, तिथे पहिला अर्थ. आता आपल्या सतिपट्ठानाच्या परिच्छेदाकडे परत या. यादी आहे. सुखाचं विशेषण तर आहेच. तेव्हा पहिला अर्थ, यात शंका उरली नाही.

शंका संपली, पण भाषांतर झालं नाही. कारण आपण इंग्रजीत उभे आहोत आणि जायचं आहे मराठीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचा शब्दकोश रचायला घेतला होता. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथावलीच्या १६ व्या खंडात पाली व्याकरणाबरोबर तो आहे, आणि त्यात पालीला मराठीसह अनेक भाषांतले प्रतिशब्द दिले आहेत. तो जवळ ठेवावा. पण संदर्भांसह सविस्तर नोंद हवी असेल तर मराठी अभ्यासकाला अजून इंग्रजीच्या पुलावरूनच यावं लागतं, आणि या पुलावर शब्द दोनदा फुटतो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना.

उतरून पाहू. इंग्रजी-मराठी कोशात ‘फीलिंग’ काढा. ‘भावना’ अगदी वर दिसेल. आणि ती मराठीत कानाला इतकी गोड लागते की हात लगेच लिहायला सरसावतो, ‘सुखद भावना अनुभवताना’. थांबा. ज्या मजकुरात हा शब्द जाणार आहे त्यात ‘भावना’ नावाचा पाली शब्द आधीच राहतो आहे, आणि त्याचा अर्थ आहे चित्ताची जोपासना, ध्यानाचा अभ्यास. एकाच पुस्तकात मूळ ‘भावना’ एका अर्थाने आणि तुमची ‘भावना’ दुसऱ्या अर्थाने आली तर वाचकाने काय करायचं? दुसरी अडचण अधिक खोल आहे. मराठीत भावना म्हणजे राग, लोभ, माया. सतिपट्ठानसुत्तात लोभयुक्त किंवा द्वेषयुक्त चित्त पाहायचं ते पुढच्या भागात, चित्तानुपस्सनेत. वेदनेला भावना म्हटलं की सुत्ताने मुद्दाम वेगळे ठेवलेले दोन भाग एकमेकांत मिसळतात.

‘सेन्सेशन’ काढा. कोश ‘संवेदना’ देतो, आणि ‘खळबळ’ही देतो, कारण वर्तमानपत्रातलं सेन्सेशन तेच असतं. खळबळ आपण हसून सोडून देतो. खळबळ सोडताना आपण जी तपासणी नकळत केली, तीच ‘संवेदने’साठी मुद्दाम करायची. शब्द निवडला की उलटा प्रवास करा. मराठी-इंग्रजी कोश, नाहीतर एखादा परिभाषा कोश काढून पाहा की हा मराठी शब्द आणखी कुठे कुठे राबतो. संवेदना संवेदनशीलतेच्या घरात राबते. मानसशास्त्राच्या कित्येक मराठी पुस्तकांत ‘वेदन’ आणि ‘संवेदन’ अशी जोडी भेटते. पहिला सेन्सेशनला, दुसरा पर्सेप्शनला. पर्सेप्शनच्या जवळची गोष्ट पालीत ‘सञ्ञा’ आहे, पाच खंधांतला वेदनेनंतरचाच खंध. तेव्हा मानसशास्त्र शिकलेला वाचक तुमच्या संवेदनेचा अर्थ एक खंध पुढे सरकवून घेऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

आता हा शब्द सुत्ताच्या बाहेर, दुसऱ्या जागी बसवून पाहा. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत फस्स म्हणजे स्पर्श, त्यापासून वेदना, तिच्यापासून तण्हा. ‘वेदनेपासून तृष्णा’ असं मराठीत वाचा. दुखण्यापासून हाव? दुखण्यापासून फार तर सुटकेची हाव होईल. जिलेबीची होणार नाही. मराठी वेदना घातली की साखळीची एक कडी सैल पडते. ‘भावनेपासून तृष्णा’ वाचा. पटतं, पण भलत्याच कारणाने. कारण मराठी भावनेत तृष्णा आधीच मुरलेली आहे. कारण आणि कार्य एकच झालं. ‘संवेदनेपासून तृष्णा’ वाचा. इथे कडी धरते. जिभेला गोड लागलं, आणि मग आणखी हवंसं झालं. लागणं आणि हवंसं होणं या दोहोंमध्ये जी बारीक फट आहे ती या शब्दाने दिसते.

त्याच फटीची आणखी एक परीक्षा संयुत्तनिकायाच्या चौथ्या खंडात आहे, सल्लसुत्तात. अज्ञ माणसाला शरीराची दुःखद वेदना होते आणि तो शोक करतो. त्याला दोन बाण लागतात, एक शरीराचा आणि एक मनाचा. शिकलेल्या आर्यश्रावकाला एकच लागतो. इथे लक्ष द्या, पाली मजकूर दोन्ही बाणांना वेदनाच म्हणतो, कायिका आणि चेतसिका. आणि इथेच ‘संवेदना’ थोडी कमी पडते. मराठी कान संवेदना त्वचेखाली ऐकतो. धम्मगिरीच्या परंपरेत शरीरावरच्या अनुभवाकडे लक्ष वेधायचं असतं, तिथे ती बरोबर बसते. पण मनाला लागलेल्या बाणाला नुसती संवेदना म्हटलं तर वाचक गोंधळेल. मी इथे ‘मानसिक दुःखाची संवेदना’ असं पूर्ण लिहीन, थोडं लांब झालं तरी. ‘अनुभव’ घेता येईल का? बसतो, तिन्ही विशेषणांसोबत बसतो. पण ‘अनुभवी डॉक्टर’ म्हणताना आपण जे म्हणतो ते ओझंही तो सोबत आणतो, आणि ‘वेदनं वेदयमानो’ मधल्या क्रियापदाला मग शब्द उरत नाही, कारण अनुभवणं तिथेच खर्च झालेलं असतं. ‘जाणीव’ तर नकोच. तिला सति आणि विञ्ञाण यांच्यासाठी राखून ठेवावं लागतं.

निवड झाली की वहीत एक ओळ लिहून ठेवा. शब्द, कोशातला कितवा अर्थ घेतला, कोणत्या संदर्भावरून, आणि कोणता प्रतिशब्द का टाकला. टाकलेल्या शब्दाचं कारण लिहिणं महत्त्वाचं, कारण आठवड्याने ‘भावना’ पुन्हा गोड लागणार आहे. आणि त्याच ओळीखाली अपवाद लिहा. महापरिनिब्बानात ‘वेदना’ ठेवायची आणि वेदनट्टाला ‘वेदनेने गांजलेला’ म्हणायचं. एका पाली शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द, असा हट्ट संपादक धरतात. परिभाषेच्या जागी तो योग्य आहे, आजाराच्या प्रसंगात नाही.

मघाचा तो ३९६ पानाचा संदर्भ राहिला. तिथे बहुवेदनीयसुत्त आहे. पञ्चकङ्ग नावाचा सुतार आणि उदायी यांचं बिनसलं आहे. सुतार म्हणतो भगवंतांनी वेदना दोन सांगितल्या, उदायी म्हणतो तीन. दोघेही माघार घेत नाहीत. आनंद ते बोलणं ऐकतो आणि भगवंतांना जाऊन सांगतो. उत्तर मिळतं की दोघांचंही खरं होतं, त्यांनी एकमेकांचा पर्याय ओळखला नाही. एका पर्यायाने वेदना दोन सांगितल्या आहेत, दुसऱ्याने तीन, मग पाच, सहा, अठरा, छत्तीस, एकशे आठ. हे सुत्त भाषांतरायला घ्याल तेव्हा ‘पर्याय’ हा शब्दही तसाच मराठीत ठेवायचा मोह होईल. पालीत तो ‘परियाय’ आहे. त्याचीही नोंद लांब आहे, आणि ती शेवटपर्यंत वाचावी लागेल.